तपकिरीच्या डबीतील दुखणे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकमित्रांनी नेहमीप्रमाणे "बालरोगांवर काहीतरी लिहा" असे सांगितले. गेल्या काही वर्षांत मी या पानांतून गोवर, बालदमा, लसीकरण अशा विषयांवर लिहिले आहे. यंदा मात्र माझ्या शाखेचे कुंपण थोडेसे ओलांडण्याची परवानगी वाचकांकडून मागतो. लिहायचे आहे ते मनगटातील एका लहानशा हाडाविषयी. अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना हा आगंतुकपणा वाटेल. परंतु डिचोलीसारख्या गावात मूल पडले, हात सुजला की आईवडील त्याला घेऊन प्रथम येतात ते त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, म्हणजे कधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे तर कधी माझ्याकडे. तिथे पहिल्या दहा मिनिटांत जे ठरते, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका मुलाने ते मला शिकवले, आणि त्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागली.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जुलै महिना होता. आपल्याकडच्या पावसाचे वर्णन मी वेगळे करायला नको. शाळेच्या मैदानावर गुडघाभर गवत आणि मध्ये चिखल, तरी मुलांचा फुटबॉल काही थांबत नाही. चौदा वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे धावताना घसरला आणि तोल सावरण्यासाठी त्याने डावा हात पुढे टाकला. तळवा जमिनीला, कोपर ताठ आणि सारे अंग त्या हातावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आली. जन्मल्यापासून तो माझ्याच हाताखाली वाढलेला. त्याच्या सगळ्या लसी मी दिलेल्या. मनगटाला थोडी सूज होती. बोटे सगळी हलत होती, मूठ वळत होती. चेहऱ्यावर फारशी वेदना नव्हती, आणि खरे सांगायचे तर शनिवारची उपांत्य लढत चुकते की काय, याचीच चिंता अधिक होती.

मी मनगटावरून हात फिरवला, रेडिअस हाडाच्या खालच्या टोकाशी दाबून पाहिले. त्या वयात अशा पडण्याने मोडते ते बहुधा तेच हाड. मग जवळच्या केंद्रातून एक्स-रे काढून आणायला सांगितले. समोरून एक आणि बाजूने एक, असे दोन फोटो आले. उजेडावर धरून मी ते नीट पाहिले. रेडिअसची कड सरळ होती, वाढीची पट्टी आपल्या जागी होती, कुठे सुरकुती नव्हती. "मोडूंक ना न्हय, दोतोर?" आईने विचारले. मी म्हणालो, "नाही, मोडलेले नाही. लचक भरली आहे." क्रेप बँडेज बांधले, पाच दिवसांचे वेदनाशामक लिहून दिले आणि दोन आठवडे खेळू नकोस अशी ताकीद दिली. पुन्हा येण्याची तारीख मात्र दिली नाही. लचकेसाठी कोण पुन्हा बोलावते?

आठदहा दिवसांत दुखणे उतरले. मुलगा मैदानावर परत गेला. हात डावा होता, त्यामुळे लिहिताना, जेवताना काही जाणवण्याचा प्रश्न नव्हता. पुढे मार्चमध्ये तो खोकल्यासाठी आला, तेव्हा आई जाता जाता म्हणाली की हा हल्ली जमिनीवरून उठताना डावा तळवा टेकत नाही, मूठ टेकतो. शाळेत जोर काढायला सांगितले की मनगट दुखते म्हणतो, मास्तरांना वाटते आळशी आहे. मी त्याचा हात हाती घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात बोट दाबले. त्याने हात झटकन मागे घेतला.

त्या एका झटक्याने आठ महिन्यांचा हिशेब माझ्यापुढे मांडला. नव्याने चार फोटो काढले. स्कॅफॉइड नावाच्या हाडाच्या कमरेवर आडवी फट स्पष्ट दिसत होती. दोन्ही कडा पांढऱ्या, कठीण झालेल्या, मध्ये एक लहानशी पोकळी. हाड मोडले होते, जुळले नव्हते, आणि न जुळण्याची सवय त्याने आता लावून घेतली होती.

हे स्कॅफॉइड म्हणजे काय, ते डॉक्टरेतर वाचकांसाठी थोडे सांगतो. मनगटात आठ लहान हाडे असतात, चार-चारांच्या दोन ओळींत बसवलेली. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हे हाड दोन्ही ओळींना जोडणाऱ्या साकवासारखे तिरपे पडलेले असते. ग्रीक भाषेतील होडीच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. होडीपेक्षा आपल्या डोळ्यांपुढे काजूचा गर आणला तर आकार अधिक चटकन कळेल. तसेच वाकलेले, मध्ये किंचित बारीक, आणि मोठ्या गरापेक्षा फारसे मोठे नसलेले. उघड्या तळव्यावर माणूस पडला की मनगट मागे दुमडते, सारे वजन या साकवावर येते आणि तो बहुधा मधल्या बारीक भागात तडकतो. म्हणूनच या दुखापतीत पडण्याची तऱ्हा विचारणे महत्त्वाचे ठरते. उंचावरून पडायला हवे असे नाही. शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायरीवरून पाय सरकणे, काजू वेचताना उतारावर घसरणे, दुचाकी घसरल्यावर हात टेकणे एवढे पुरते.

आता त्या खळग्याविषयी. अंगठा ताठ करून वर उचलला की त्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूस दोन शिरा उठून दिसतात. सर्वसामान्य माणूस त्यांना शिरा म्हणतो. प्रत्यक्षात ते अंगठ्याच्या स्नायूंचे कंडरे असतात. त्यांच्यामध्ये जो त्रिकोणी खळगा पडतो, त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ती ओढण्याची पद्धत युरोपात होती. त्यावरून शारीरशास्त्रात त्या खळग्याला 'तपकिरीची डबी' हे नाव पडले. आपल्या आजोबांच्या पिढीने तपकीर ओढली ती चिमटीतून, त्यामुळे आपल्याला या नावाचे जरा नवल वाटते. परंतु पहिल्या वर्षाच्या शवविच्छेदनाच्या वर्गात आपण सर्वांनीच ते हसत हसत पाठ केले होते. या डबीच्या तळाशी, कातडीखाली अगदी जवळ, हेच स्कॅफॉइड असते. मनगटातील इतर दुखण्यांपासून याचे दुखणे वेगळे काढण्यासाठी निसर्गाने ठेवलेली ही खिडकीच म्हणा ना!

त्या मुलाचा जुना एक्स-रे आईने जपून ठेवला होता. तो मी पुन्हा आणवला आणि आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांसमवेत भिंगाखाली पाहिला. माझी अपेक्षा होती की बारीकशी रेषा सापडेल आणि ती मला दिसली नाही एवढाच माझा दोष ठरेल. तसे झाले नाही. रेषा नव्हतीच. मित्र म्हणाले, "ह्या फोटोत ती मलाही दिसली नसती." मला त्या क्षणी बरे वाटले हे कबूल करतो, पण घरी आल्यावर ते समाधान टिकले नाही. फोटो वाचण्यात चूक झाली नसेल, तर चूक झाली कुठे? मी डबीत बोट घातले नाही ही पहिली चूक. फोटोत दिसत नाही म्हणून मोडलेले नाही असे सांगितले, ही दुसरी आणि मोठी चूक. परत बोलावले नाही ही तिसरी, आणि या तिसरीने पहिल्या दोहोंना सुधारण्याची संधीच ठेवली नाही.

पहिल्या दिवशीच्या फोटोत ही मोड का दिसत नाही? हाड तडकते, पण पुष्कळदा तुकडे जागचे हलत नाहीत. केसाएवढी चीर तिरप्या, गोलाईच्या हाडात असते आणि त्यावर शेजारच्या हाडांच्या सावल्या पडतात. किरण नेमके त्या चिरेच्या प्रतलातून गेले तरच ती दिसते. साध्या दोन फोटोंत तशी शक्यता कमी. म्हणून स्कॅफॉइडचा संशय असेल तर चिठ्ठीवर तसे लिहून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवलेला खास फोटो आणि एक तिरपा फोटो मागवावा लागतो. तसे चार फोटो काढूनही सुरुवातीस साधारण दहापैकी एकदोन मोडी निसटतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दहाबारा दिवसांनी चिरेच्या कडांचे हाड थोडे विरघळते, चीर रुंदावते आणि मग तीच चीर फोटोत उमटते. दुसऱ्या फोटोसाठी थांबायचे ते यासाठी.

पण हातावर पडलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत एवढा संशय धरायचा का? इथे बोटाची परीक्षा कामाला येते. तिच्या तीन पायऱ्या आहेत आणि तिला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आधी चांगला हात तपासावा, मग दुखरा. मनगट करंगळीकडे किंचित झुकवून डबीच्या तळाशी अंगठ्याच्या टोकाने हलकेच पण निश्चित दाब द्यावा. तिथून एका संवेदी मज्जातंतूच्या फांद्या जातात, त्यामुळे निरोगी माणसालाही थोडे कळते. म्हणूनच दोन्ही बाजूंची तुलना आवश्यक. दुसरी जागा तळव्याच्या बाजूची. मनगट थोडे मागे वाकवले की मनगटाच्या घडीजवळ, अंगठ्याच्या उंचवट्याच्या मुळाशी एक टेंगूळ हाताला लागते. तो स्कॅफॉइडचाच पुढे आलेला भाग. तिथे दाबून दुखते का ते पाहावे. तिसरी पायरी म्हणजे रुग्णाचा अंगठा हातात धरून त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे अलगद रेटणे. हाड तडकले असेल तर वेदना डबीत उमटते.

या तीन चाचण्यांचा एकत्रित अभ्यास इंग्लंडमधील परवीझी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. पडल्यापासून पहिल्या चोवीस तासांत तपासलेल्या रुग्णांमध्ये प्रत्येक चाचणीने एकही मोड सोडली नाही. परंतु नुसत्या डबीच्या दुखण्यावर विसंबले तर न मोडलेल्यांपैकीही पाचांतल्या चौघांवर मोडल्याचा शिक्का बसत होता. तिन्ही चाचण्या एकत्र दुखऱ्या निघाल्या तरच संशयित धरायचे, असे ठरवल्यावर न मोडलेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोक योग्य रीतीने वेगळे काढता आले. यातला व्यवहारी अर्थ एवढाच, की तिन्ही जागा न दुखणे दिलासा देणारे आहे, आणि तिन्ही दुखणे ही फोटो कितीही स्वच्छ असला तरी थांबण्याची खूण आहे. एखादीच जागा दुखत असेल, तरी मी मुलाला दहाबारा दिवसांनी परत बोलावतोच.

आता वाचक विचारतील, एवढ्याशा हाडाची एवढी धास्ती का? हाताचे दुसरे एखादे हाड तडकले आणि दोन आठवडे कळले नाही, तरी मुलांमध्ये ते बहुधा आपले आपण जुळून जाते. स्कॅफॉइडचे तसे नाही, आणि त्याचे कारण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. आपल्या डिचोलीच्या कुळागरांत पाटाचे पाणी कसे फिरते ते पाहिलेल्याला हे सहज समजेल. पाट एका टोकाने बागेत शिरतो आणि पोफळींच्या मुळांशी जात जात शेवटच्या झाडापर्यंत पोहोचतो. मध्येच बांध फुटला तर अलीकडची झाडे हिरवी राहतात आणि पलीकडची वाळतात. स्कॅफॉइडला रक्त देणाऱ्या वाहिन्या बोटांकडच्या अर्ध्या भागातून आत शिरतात आणि तिथून उलट्या दिशेने, मनगटाच्या सांध्याकडील टोकापर्यंत जातात. गेल्बरमन आणि मेनन यांनी १९८० साली मृत हातांच्या वाहिन्यांत रंगद्रव्य भरून हा मार्ग दाखवून दिला. हाडाच्या आतला सत्तर ते ऐंशी टक्के पुरवठा, आणि सांध्याकडील टोकाचा तर सगळाच, पाठीकडून शिरणाऱ्या या वाहिन्यांवर अवलंबून असतो. कमरेवर चीर पडली की तो पाट तुटण्याची भीती असते. मोड जितकी सांध्याच्या जवळ, तितका शेवटचा तुकडा कोरडा पडण्याचा धोका अधिक.

त्यात भर म्हणजे या हाडाचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने मढवलेला असतो आणि ते सांध्याच्या द्रवात बुडालेले असते. इतर हाडांभोवती जे आवरण मोडीवर नवे हाड चढवते, ते इथे जवळजवळ नाहीच. जुळायचे ते आतून, हळूहळू आणि मध्ये हालचाल न होता. हात बांधलेला नसेल तर मनगटाच्या प्रत्येक हालचालीने चीर उघडझाप करते. काही आठवड्यांत दुखणे कमी होते, कारण सूज उतरलेली असते. परंतु दुखणे कमी होणे आणि हाड जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले. न जुळलेली मोड तशीच राहिली तर पुढे काही वर्षांनी मनगटाची रचना ढासळते आणि अंगठ्याच्या बाजूने सांध्याची झीज सुरू होते. चाळिशीत मनगट आखडलेला माणूस जेव्हा "शाळेत असताना एकदा पडलो होतो" असे सांगतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हीच कहाणी असते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट इथे स्वतंत्रपणे सांगायला हवी. आमच्या विद्यार्थिदशेत असे शिकवले जाई की मुलांचे स्कॅफॉइड मोडत नाही, आणि मोडलेच तर बोटांकडचे टोक मोडते व सहज जुळते. लहान मुलांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. चारसहा वर्षांच्या वयापर्यंत हे हाड एक्स-रेत दिसतच नाही, कारण ते सारे कूर्चेचे असते. पुढेही कितीतरी वर्षे कूर्चेचे जाड कवच त्याला सांभाळते. अशा मुलात प्रथम मोडते ते रेडिअसच. परंतु तेराचौदा वर्षांच्या सुमारास हाड जवळजवळ पूर्ण घडलेले असते आणि मग त्याचे मोडणे मोठ्या माणसासारखे होते. अमेरिकेतील बॉस्टनच्या गोलसन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मुलांतील व किशोरांतील ३५१ मोडींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ७१ टक्के मोडी कमरेच्या होत्या, म्हणजे प्रौढांसारख्याच. जवळजवळ एकतृतीयांश मुले उशिरा, हाड न जुळलेल्या अवस्थेत आली होती. ताज्या मोडींपैकी ९० टक्के नुसत्या प्लास्टरने जुळल्या. जुन्या झालेल्यांत प्लास्टरने जुळण्याचे प्रमाण अवघे २३ टक्के होते. हा आढावा वाचताना मला त्या आकड्यांत माझा फुटबॉलपटू दिसत होता.

त्याचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. सीटी स्कॅनमध्ये सांध्याकडील तुकडा अजून जिवंत वाटत होता, ही त्याची दैवगती चांगली. शस्त्रक्रियेत चिरेतील कठीण झालेल्या कडा खरवडून काढल्या, कमरेच्या हाडातून घेतलेला हाडाचा तुकडा त्या पोकळीत बसवला आणि डोके नसलेल्या बारीक स्क्रूने दोन्ही भाग आवळले. सिडनीच्या टिमथी हर्बर्ट यांनी कल्पिलेल्या या स्क्रूच्या दोन टोकांवरचे आटे वेगवेगळ्या अंतराचे असतात. तो फिरवत आत नेला की दोन तुकडे एकमेकांकडे ओढले जातात आणि स्क्रू संपूर्ण हाडाच्या पोटात बुडतो. मग पुन्हा प्लास्टर, मग व्यायाम. हाड जुळायला सुमारे चार महिने लागले. आज तो तरुण नोकरी करतो, फुटबॉलही खेळतो. पण नमस्कारासाठी हात जोडले की त्याचे डावे मनगट उजव्याइतके मागे जात नाही. पहिल्या संध्याकाळी प्लास्टर घातले असते, तर बहुधा दीडदोन महिन्यांत प्रकरण मिटले असते. मी त्याच्या आईवडिलांना हे सारे स्पष्ट सांगितले. वडील थोडा वेळ गप्प राहिले. आई म्हणाली, "तुम्ही सांगितलेत ते बरे केलेत." तिच्या त्या शब्दांचे ओझे रागावण्यापेक्षा अधिक होते.

त्यानंतर माझ्या दवाखान्यातील रिवाज बदलला. हातावर पडलेले दहा वर्षांवरील मूल आले की डबी, टेंगूळ आणि अंगठा या तीन नोंदी कागदावर होतातच, दुखत नसले तरी 'दुखत नाही' म्हणून. दुखत असले तर चार फोटो. फोटोत काही दिसले नाही तरी मनगट बांधायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी पट्टी काढून पुन्हा दाबून पाहायचे, पुन्हा फोटो काढायचा. संशयापुरते तळव्यापासून कोपराखालपर्यंत स्प्लिंट पुरते. अंगठा त्यात अडकवलाच पाहिजे असे पूर्वी मानत. परंतु १९९१ साली क्ले आणि सहकाऱ्यांनी २९२ मोडींत अंगठा बांधून आणि मोकळा ठेवून तुलना केली, तेव्हा न जुळण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अंगठा मोकळा असला की मुलाला लिहिता येते, बटण लावता येते, आणि मग ते स्प्लिंट काढून टाकत नाही. हाही विचार लहान नव्हे.

हा रिवाज पाळणे वाटते तितके सोपे नाही. दोनतीन वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी विहिरीच्या ओल्या पायरीवरून हातावर पडून आली. तिन्ही जागा दुखत होत्या, फोटो स्वच्छ. मी स्प्लिंट घालायला घेतले तेव्हा वडील म्हणाले, "डॉक्टर, फोटोत काही नाही असे तुम्हीच म्हणता, मग हात बांधता कशाला? पुढच्या आठवड्यात तिचा हार्मोनियमचा कार्यक्रम आहे." प्रश्न रास्त होता. मी त्यांना खोटा धाक घातला नाही. म्हणालो, "बहुधा मोडलेले नसेलच. अशा मुलांपैकी थोड्यांचेच मोडलेले निघते. पण ते कुणाचे, हे आज मला सांगता येत नाही. न मोडलेला हात बारा दिवस बांधला तर कार्यक्रम बुडेल. मोडलेला हात मोकळा सोडला तर कमरेचे हाड काढून तिथे बसवावे लागेल." ते नाखुशीने तयार झाले. बाराव्या दिवशी डबी दुखेना, फोटो पुन्हा स्वच्छ. मुलगी मोकळी झाली आणि कार्यक्रम मात्र हुकला. वडिलांच्या नजरेत "मी म्हटले नव्हते?" असा भाव होता, आणि तो मला स्वीकारावा लागला. ज्यांचे हात मी असे बांधले, त्यांतील बहुतेकांची हाडे शाबूतच निघाली. संशयावर उपचार करायचे, तर हा खर्च धरूनच चालावे लागते.

हा खर्च कमी करण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली इजा पहिल्या एकदोन दिवसांतच दिसते. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०१६ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत, नीट शारीरिक तपासणीनंतरही स्कॅफॉइडचा संशय राहिला तर पहिली तपासणी म्हणूनच एमआरआयचा विचार करावा असे सुचवले. आपल्याकडे त्यासाठी म्हापसा, पणजी किंवा बांबोळी गाठावे लागते, पैसे आणि दिवस खर्च होतात, म्हणून प्रत्येकाला मी ते सांगत नाही. परंतु परीक्षा किंवा स्पर्धा तोंडावर आहे, दोन आठवडे थांबणे कठीण आहे, किंवा दुसऱ्या फोटोतही काही नाही आणि डबी मात्र अजून दुखते आहे, अशा वेळी तो खर्च योग्य ठरतो. ही शेवटची परिस्थिती विशेष लक्षात ठेवावी, कारण दुसरा फोटोही काही वेळा फसवतो. दोन स्वच्छ फोटो आणि एक दुखरी डबी असा सामना असेल, तर मी डबीच्या बाजूने उभा राहतो.

मोड सिद्ध झाली की काम अस्थिरोगतज्ज्ञांचे. तुकडे जागेवर असतील तर प्लास्टर, हलले असतील किंवा मोड सांध्याजवळच्या टोकात असेल तर शस्त्रक्रिया, हे ते ठरवतील. प्रौढांतील कमरेच्या, फारशा न सरकलेल्या मोडींवर ब्रिटनमध्ये झालेली एक मोठी चाचणी २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यात एका वर्षानंतर स्क्रू आणि प्लास्टर या दोन्ही गटांची मनगटे सारख्याच क्षमतेची आढळली. अट एकच, की प्लास्टरमधील हाड जुळते आहे का याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे आणि जुळत नसेल तर विनाविलंब शस्त्रक्रिया करायची. म्हणजे तिथेही प्रश्न वेळेवर परत पाहण्याचाच आहे.

लेख वाढत चालला, आता आवरतो. माझ्या टेबलाच्या खणात त्या मुलाचा पहिला एक्स-रे अजून आहे. त्याच्या आईने तो परत नेला नाही. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला की पहिले घसरलेले मूल दवाखान्यात येते. त्याच्या फोटोकडे पाहण्याआधी मी त्याला अंगठा वर करायला सांगतो. आणि आई जेव्हा तोच जुना प्रश्न विचारते, "मोडूंक ना न्हय, दोतोर?", तेव्हा मी पूर्वीसारखे झटकन 'नाही' म्हणत नाही. "आजच्या फोटोत दिसत नाही. पण इथे दुखते आहे. बारा दिवसांनी परत या, तेव्हा सांगेन," असे म्हणतो, आणि ती तारीख तिच्या समोर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो.